पुराच्या पाण्याची खोली सांगता, वेगही सांगा

मा. संपादक,

पावसाळ्यात ‘पुलावरून फूटभर पाणी, वाहतूक सुरूच’ अशा बातम्या छापून येतात. त्या वाचून माणूस निर्धास्त होतो. पण नुसत्या खोलीवरून धोका कळत नाही, त्याला वेगाची जोड लागते. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो.

एक हजार किलोची छोटी कार घ्या. तिचा तळ रस्त्यापासून साधारण 17 सेंटिमीटर वर असतो. पाणी तिथवर चढेपर्यंत गाडीचे जवळपास सगळे वजन चाकांवर असते. त्यानंतर मात्र पाणी दर सेंटिमीटरला गाडीला अंदाजे 40 किलोने उचलू लागते. म्हणजे फूटभर पाण्यात चाकांवर पाचशे किलोच्या आसपासच भार उरतो. गाळाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर एवढ्या भाराची पकड दीडशे किलोचा रेटा जेमतेम सोसते. पाणी सेकंदाला दोन मीटर, म्हणजे हळू धावणाऱ्या माणसाच्या वेगाने, आडवे येत असेल तर बाजूचा रेटा त्याहून जास्त होतो आणि गाडी सरकते. इंजिन पुढे असल्याने बहुतेक गाड्यांचा मागचा भाग आधी उचलला जातो. स्टिअरिंग हातात असले तरी गाडी वळते ती पाण्याच्या मर्जीने.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने 2016 साली खऱ्या गाड्या पाण्यात घालून पाहिल्या. छोटी कार केवळ 15 सेंटिमीटर पाण्यात, सेकंदाला एक मीटर प्रवाहात सरकू लागली आणि 60 सेंटिमीटरला तरंगली. अडीच टनांची जीपसारखी गाडीसुद्धा 95 सेंटिमीटरला तरंगली. ‘आपली गाडी उंच आहे, जाईल’ हा भरवसा म्हणूनच फार घात करतो.

पायी चालणाऱ्याचे तर वजनच कमी. घोट्याच्या थोडे वर आलेले पाणी जोरात असेल तर धडधाकट माणूसही पडू शकतो. पाऊल उचलले की सगळा तोल एका पायावर येतो, नेमका तेव्हाच रेटा बसतो. एकदा आडवा झाला की पाण्याला पायांऐवजी अख्खे अंग मिळते, मग उठणे कठीण. मुलांना याहून कमी पाणी पुरते.

वेग काठावरूनही ओळखता येतो. कठड्याच्या खांबाशी पाणी फुगवटा धरून वर चढत असेल, पलीकडे भोवरा किंवा खळगा पडत असेल, तर उथळ दिसले तरी त्यात उतरू नये. गढूळ पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की वाहून गेला, हे तर वरून कळतच नाही.

आपल्या वार्ताहरांनी यापुढे पुलावरच्या पाण्याच्या खोलीबरोबर प्रवाह संथ आहे की जोराचा, एवढे तरी लिहावे, ही विनंती. जोर असेल तर ‘वाहतूक सुरूच’ हे शब्द मथळ्यात नकोत.

आपला,
एक नियमित वाचक