रविवारच्या जलदान विधीबाबत सूचना

सर्व सभासदांना जय भीम.

आपल्या मंडळाच्या दिवंगत आजींचा जलदान विधी आणि पुण्यानुमोदन येत्या रविवारी सकाळी ९ वाजता विहारात आहे. पांढरे कपडे घालून वेळेवर या.

भन्ते दुपारी १२ नंतर जेवत नाहीत. मागच्या एका कार्यक्रमात भाषणं लांबली आणि भन्ते उपाशी परतले, ही गोष्ट अजून मनाला लागून आहे. म्हणून त्रिसरण-पंचशील आणि परित्राण पाठ आटोपले की १०.४५ ला भोजनदान. आदरांजलीची भाषणं त्यानंतर.

जेवण समोर मांडून ठेवू नका, दोन्ही हातांनी भन्तेंना द्या. हाती दिल्याशिवाय ते घेत नाहीत.

दानासाठी चीवर, साबण, औषधं, छत्री असं वापरातलं आणा. पैशांचं पाकीट भन्तेंच्या हातात न देता विहाराच्या उपासकांकडे द्या, प्रवासखर्च ते बघतील.

शेवटी घरचे सगळे तांब्याला हात लावून वाटीत पाणी सोडतील. ‘इदं मे ञातीनं होतु’ म्हणत वाटी भरून ताटात सांडेपर्यंत धार तुटू द्यायची नाही. ते पाणी मग बोधिवृक्षाच्या मुळाशी घालायचं आहे.

तांब्या, वाटी, ताट कोण आणणार ते शनिवारपर्यंत कळवा.