उद्याच्या सेमीफायनलचा प्लॅन, सगळ्यांनी वाचा

पोरांनो, त्यांचा सात नंबर बघितलाय ना, आपण सहा-सात जण असलो की तो दर चढाईत आपल्या डाव्या कोपऱ्याकडं येतो, बोनसला उजवा पाय टाकतो आणि लगेच मधल्या रेषेकडं वळतो. वळतो तेव्हाच त्याचा तोल जातो, पकड तिथंच करायची.

```
         मधली रेषा
           ७ नं.
          ↙
        बोनस रेषा
कोपरा–इन–कव्हर–मध्य–कव्हर–इन–कोपरा
(डावा)                     (उजवा)
```

डावा कोपरा, पाय हवेत असताना झेप घेऊ नकोस, टेकला की घोटा धर. डावा कव्हर त्याच क्षणी डॅश, उशीर झाला तर तो दोघांना घेऊन जातो. इन आणि कोपऱ्यानं हात घट्ट धरायचे, साखळी तुटली की संपलं. उजवी बाजू पुढं धावू नका, मागून फक्त रस्ता बंद करा.

पाच किंवा कमी उरलो तर बोनस नाही, मग तो दोन चढाया रिकाम्या काढतो. काढू द्या, उगाच हात घालू नका! तिसरीला त्याला पॉइंट आणावाच लागतो, तेव्हा तो आत घुसतो. तिघंच असू तर पकडीला दोन पॉइंट, पण घाई नको.

चित्र समजलं नाही तर आजच विचारा, रिपोर्टिंग सातला.