विषय : ‘Recently deleted’ मध्ये अडकलेली आमची इन्स्टाग्राम रील ३ सप्टेंबरच्या आत परत मिळण्याबाबत, पाचवी तक्रार

तांबाकाटा, पायधुनी, मुंबई
२९ ऑगस्ट २०२५

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

काल संध्याकाळी तुमच्या माणसाने माझा फोन मध्येच ठेवला, म्हणून हे पत्र लिहितो आहे. माझ्याकडून चुकून पुसली गेलेली आमची रील अजून तुमच्याकडे, पुसलेल्या पोस्टच्या ‘Recently deleted’ या यादीत आहे. ती मला माझ्या फोनवर दिसते. आज सकाळी तिच्या चौकटीखाली ‘5 days’ असं लिहिलेलं होतं. हा आकडा शून्यावर गेला की ती कायमची जाईल, आणि ती परत आणण्याचा कुठलाही मार्ग तुमच्याकडेही राहणार नाही. त्यामुळे हे पत्र ‘योग्य विभागाकडे’ पाठवून आठवडाभराने उत्तर देण्यासारखं नाही, हे आधीच सांगतो.

ही रील ५८ सेकंदांची आहे. माझे वडील पितळी पातेल्याला कल्हई करताहेत, एवढंच तिच्यात आहे. भट्टीवर पातेलं तापतं, वडील नवसागराची पूड टाकतात, पांढरा धूर उठतो. कथलाची कांडी आतून टेकवून ते कापसाच्या बोळ्याने एक हात फिरवतात, आणि काळपट पडलेला तळ हाताच्या मागोमाग चांदीसारखा उजळत जातो. ‘कथील पाण्यासारखं धावलं पाहिजे, थांबलं की पातेलं गार आहे समजायचं,’ असं ते बोलतात, तेही तिच्यात आलं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दुकानातच तुमच्या ॲपच्या कॅमेऱ्याने ती काढली आणि तिथूनच टाकली. फोनच्या गॅलरीत तिची प्रत नाही. मार्च २०२४ मध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही अडखळतं. दुसरी रील काढता येणार नाही. हे मी तुमच्या चारही माणसांना सांगितलं आहे.

त्या रीलखाली दोनशेच्या वर कमेंट होत्या. लोक विचारायचे, कल्हई किती दिवसांनी करायची, कल्हई उडालेल्या भांड्यात चिंचेची आमटी का करू नये, भांडं कशाने घासायचं. वडील सांगायचे आणि मी रात्री दुकान बंद केल्यावर बसून टाइप करायचो. ती उत्तरं आता ते पुन्हा सांगू शकत नाहीत.

चूक माझी झाली, हे मी पहिल्या फोनपासून कबूल करतो आहे. ४ ऑगस्टला, सोमवारी, गणपतीच्या भांड्यांची गर्दी असताना त्या रीलखालच्या मजकुरातला जुना मोबाइल नंबर काढायला गेलो. तीन टिंबांच्या यादीत बदल करण्याऐवजी ‘Delete’ दाबलं गेलं, आणि समोर गिऱ्हाईक उभं असल्याने ‘नक्की का’ या प्रश्नालाही घाईत होकार दिला. पण अशा चुकीसाठीच तुम्ही ३० दिवसांची सोय ठेवली आहे. रात्री प्रोफाइलच्या यादीतून ‘Your activity’ मध्ये गेलो, तिथून ‘Recently deleted’ मध्ये. रील तिथे होती. ती उघडून ‘Restore’ दाबलं.

त्या गडबडीत एक स्टोरीही उडाली होती. ती मला मिळाली नाही, आणि तिच्याबद्दल माझं काही म्हणणंही नाही. स्टोरी आर्काइव्हमध्ये जतन होत नसेल तर पुसल्यावर फक्त २४ तास राहते, हा तुमचा नियम आहे. माझी ती सेटिंग बंद होती आणि मी तिच्याकडे दुसऱ्या दिवशी रात्री पाहिलं, म्हणून गेली. तुमचे नियम मी वाचतो आणि मानतो, हे कळावं म्हणून सांगितलं.

रीलचं अडलं ते कोडवर. ‘Restore’ दाबलं की खातं आपलंच आहे हे सिद्ध करायला कोड मागतात. कोणी खातं चोरून पोस्ट पुसू नयेत म्हणून हे केलं आहे, ते योग्यच आहे. पण कोड गेला तो माझ्या जुन्या नंबरवर. म्हणजे जो नंबर काढायला मी ती रील उघडली होती, त्याच नंबरवर. तो मी २०२३ मध्ये बंद केला. आपल्याकडे बंद झालेला मोबाइल नंबर किमान ९० दिवस कोणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकाला जाऊ शकतो. तसा तो गेलाही आहे. मी त्या नंबरवर फोन लावला. एका बाईंनी उचलला. त्यांना तुमचा कोड आला होता. त्यांनी तो मला सांगितला नाही. अनोळखी माणसाला कोड सांगायचा नसतो, हे त्यांना कळतं.

मग मी ‘Accounts Center’ मध्ये जाऊन नवा नंबर जोडला. त्यावर कोड आला, तो टाकला आणि नंबर जोडला गेला. तरी ‘Restore’ चा कोड जुन्याच नंबरवर जात राहिला. जुना नंबर काढायला गेलो, तर त्यालाही जुन्याच नंबरवरचा कोड लागतो. चार-पाच वेळा प्रयत्न केल्यावर ‘नंतर प्रयत्न करा’ असं येऊन दिवसभर सगळं बंद पडलं. खात्याला दुकानाचा ईमेलही जोडलेला आहे. दर महिन्याला पैसे कापल्याची पावती तुम्ही त्याच ईमेलवर पाठवता. पावती तिथे येते, कोड मात्र तिथे पाठवण्याचा पर्याय पडद्यावर दिसतच नाही.

आता कालच्या फोनबद्दल. हे सविस्तर लिहितो, कारण रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे आणि ते कोणीतरी ऐकावं.

काल दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन होतं. बाहेर ताशे वाजत होते, म्हणून मी शटर अर्धं ओढून आत बसलो होतो. तुमच्या माणसाने सगळं पहिल्यापासून पुन्हा विचारलं. मी चौथ्यांदा सांगितलं. तो म्हणाला, “सर, मी आर्काइव्ह बघितलं, तिथे तुमची रील नाही. म्हणजे ती कायमची पुसली गेली.” मी म्हटलं, आर्काइव्ह वेगळं आणि ‘Recently deleted’ वेगळं. आर्काइव्हमध्ये आपण स्वतः लपवून ठेवलेलं असतं, त्याला मुदत नसते. पुसलेलं दुसरीकडे जातं आणि ३० दिवस राहतं. रील मला आत्ता दिसते आहे, तिच्याखाली सहा दिवस लिहिले आहेत. तो म्हणाला, “सर, तुम्हाला जुनी स्क्रीन दिसत असेल.” रोज एकाने कमी होणारा आकडा जुन्या स्क्रीनवर कसा दिसेल? यावर उत्तर नाही. मग म्हणाला, “ओके सर, कोड कोणाकडे जातोय?” मी त्या बाईंचं सांगितलं. तो म्हणाला, “मग त्यांना रिक्वेस्ट करा ना सर. त्या कोड देतील, तुम्ही टाका, प्रॉब्लेम सॉल्व्ह.”

मी त्याला पुन्हा विचारलं, कारण माझा कानांवर विश्वास बसेना. अनोळखी बाईकडून कोड मागा, असं तुमची कंपनी मला सांगते आहे का? तो म्हणाला, “तुम्हाला रील हवी आहे ना सर?”

साहेब, आमच्या बाजारात ओटीपी सांगून बुडालेली माणसं आहेत. ओटीपी कोणाला देऊ नका, असं बँक रोज मेसेज करते. आणि तुमचा प्रशिक्षित माणूस मला सांगतो की दुसऱ्याकडून कोड काढून घ्या. त्या बाईंनी मला फसवणारा समजून तक्रार केली असती, तर ती तुमच्यामुळे झाली असती. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. माझ्या खात्यात कोणी शिरलं आणि त्याच्या हाती तो नंबर असला, तर तुमच्या दृष्टीने मालक तो. गेली दोन वर्षं दुकान, पावत्या, ईमेल, सगळं ज्याच्या नावावर आहे, तो मी मालक नाही.

मी वरिष्ठांशी बोलायचं आहे असं सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, “सर, खरं सांगू का, तुम्ही नवीन रील टाका. जुन्यापेक्षा नवीनला रीच जास्त मिळतो.” मी म्हटलं, माझ्या वडिलांचा हात चालत नाही. तिकडून काही सेकंद आवाज आला नाही. मग फोन कट.

व्यवसाय खात्याच्या मासिक वर्गणीत फोनवर मदत मिळते, असं तुम्ही छापता. म्हणून ती वर्गणी मी भरतो. या मदतीला मी पैसे मोजले आहेत.

मला हवं आहे ते असं. ‘Restore’ चा कोड खात्याला जोडलेल्या ईमेलवर किंवा नव्या नंबरवर पाठवा. ओळख पटवायची असेल तर दुकानाचं जीएसटी प्रमाणपत्र, आधार आणि मागच्या पावत्या याच ईमेलवरून आज पाठवल्या आहेत. व्हिडिओवर चेहरा दाखवायला सांगितलात तर तेही करतो. आणि चौकशीला वेळ लागणार असेल, तर तोपर्यंत ही एक रील पुसली जाणार नाही अशी व्यवस्था करा आणि ते मला लेखी कळवा. कोड कुठे पाठवायचा हे तुमच्याकडून दुरुस्त झालं, की पुढचं काम माझ्या अंगठ्याचं आहे.

हेच पत्र तुमच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांनाही पाठवलं आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे त्यांना २४ तासांत पोच द्यावी लागते आणि १५ दिवसांत निकाल. १५ दिवस मला पुरणार नाहीत, कारण तोवर निकाल द्यायला रील उरणार नाही. तसं झालं तर मी तक्रार अपील समितीकडे जाईन, आणि पैसे घेऊन सेवा न दिल्याबद्दल ग्राहक आयोगातही जाईन. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आजच नोंद करतो आहे. रोजच्या तारखेसह आकडा दाखवणारे स्क्रीनशॉट माझ्याकडे ५ ऑगस्टपासूनचे आहेत. ‘29 days’ पासून ‘5 days’ पर्यंत सगळे.

वडील रोज दुपारी दुकानात येऊन बसतात आणि डाव्या हाताने माझ्या फोनकडे बोट दाखवतात. मी त्यांना ती छोटी चौकट उघडून दाखवतो. उद्या तिच्याखाली ‘4 days’ असेल.

उत्तर फोनवर नको, ईमेलवर द्या.

दुकानमालक आणि आपला पैसे भरणारा ग्राहक

सोबत : २५ स्क्रीनशॉट, चार फोनच्या तारखा व वेळा, जीएसटी प्रमाणपत्र, वर्गणीच्या पावत्या