टँकरच्या वहीतली ८४ घरे: पेयजल मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

प्रभागात टँकरने दिलेल्या पाण्याची रोजची नोंद तीन आकड्यांत संपते: फेऱ्या, लिटर, घरे. यातला मोजलेला आकडा बहुधा एकच, फेऱ्यांचा. लिटर म्हणजे फेऱ्या गुणिले टाकीची क्षमता, आणि घरे म्हणजे प्रभागाच्या यादीतली सगळी.

एक दिवस धरून पाहू. वहीत लिहिले आहे: ६ फेऱ्या, ६०,००० लिटर, ८४ घरे. भरणा केंद्र ९ किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १८ किलोमीटर पडतात. सहा फेऱ्यांना गाडीचा काटा किमान १०८ किलोमीटरने पुढे जायला हवा. तो ७४ नेच सरकला असेल, तर फेऱ्या चारच झाल्या. म्हणजे पाणी फार तर ४०,००० लिटर, तेही टाकी दर खेपेला काठोकाठ भरली असे मानून. म्हणून काट्याचे आकडे सुटताना आणि परतल्यावर, प्रत्येक फेरीला लिहावेत. दिवसाअखेरीस एकदम भरलेली वही काही कामाची नाही.

टाकीत उरलेले पाणी अंदाजाने लिहितात, तिथेही फसगत होते. आडव्या गोल टाकीत निम्म्या उंचीला निम्मे पाणी असते खरे, पण पाव उंचीला पाव नसते. १०,००० लिटरच्या टाकीत तेव्हा दोन हजारांहूनही थोडे कमी उरते. ‘पाव टाकी आहे, वरच्या वाड्याला पुरेल’ हा हिशेब इथेच चुकतो. काठीवर थेट लिटरच्या खुणा करून घेतल्या की वाद मिटतो.

खरी मेख घरांच्या रकान्यात आहे. चाळीस हजार लिटर ८४ घरांत वाटले, तर घरामागे सुमारे ४७६ लिटर येतात. पण रस्त्याकडेच्या २० घरांनी हजार-हजार लिटरचे संप भरून घेतले, की उरलेल्या ६४ घरांना जेमतेम ३१२ लिटर राहतात. टँकरला पंप नसेल तर रस्त्याच्या वर, चढावर असलेल्या घरांत पाइप पोचूनही पाणी चढत नाही. आपल्याकडचे वाडे कसे डोंगरउतारावर आहेत, ते आपणांस सांगायला नको. वहीत मात्र ती घरेही ‘पोचली’ म्हणून लागतात.

तेव्हा घरांची संख्या नको, पंचायतीचा घर क्रमांक लिहावा. त्यापुढे दिलेले लिटर, वेळ आणि घरातल्या कुणाची तरी सही. पाणी न मिळालेल्या घराचा क्रमांक त्याच पानावर, कारणासह यावा: पाणी संपले, पाइप अपुरा पडला, घर बंद होते. दुसऱ्या दिवशीची पहिली फेरी याच घरांपासून सुरू व्हावी, नाहीतर शेपटाकडची घरे रोज तीच राहतात.

पानाची एक प्रत त्याच संध्याकाळी पंचायतीच्या फलकावर लावण्याचा आदेश आपण काढावा. शेजाऱ्याच्या नावापुढे किती लिटर लागले, हे वाड्यावरची माणसे कुठल्याही तपासनिसापेक्षा बारकाईने वाचतील.

आपले,
प्रभागातील पाणीवाटपाचा हिशेब ठेवणारे नागरिक