विषय : ‘डायरेक्ट एलडीएल’चे पैसे घेऊन गणिताने काढलेला आकडा दिल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि त्यांचे ट्रायग्लिसराइड्स नेहमीच चढे असतात. म्हणून त्यांची लिपिड प्रोफाइल करताना मी आपल्या केंद्रात एलडीएल प्रत्यक्ष मोजून देण्यास सांगितले आणि त्याचे वेगळे पैसेही भरले. रिपोर्टवर एलडीएलपुढे ‘डायरेक्ट’ असे छापले आहे, पण आकडे तसे सांगत नाहीत.

एकूण कोलेस्टेरॉल २०८, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड्स ३८५, व्हीएलडीएल ७७, एलडीएल ९७. ३८५ ला पाचाने भागले की बरोबर ७७ येतात आणि २०८ मधून ३४ व ७७ वजा केले की बरोबर ९७ उरतात. हे १९७२ सालचे फ्रिडवाल्ड सूत्र आहे. एलडीएल खरोखर मोजले असते, तर बेरीज अशी तंतोतंत जुळणे फार दुर्मिळ. शंका आली म्हणून दोन दिवसांनी दुसरीकडे तपासले. तिथे ट्रायग्लिसराइड्स जवळपास तेवढेच होते, पण मोजलेले एलडीएल ११६ आले.

हे सूत्र व्हीएलडीएलमधले कोलेस्टेरॉल ट्रायग्लिसराइड्सच्या एक पंचमांश धरते. ट्रायग्लिसराइड्स वाढले की व्हीएलडीएलच्या कणांत चरबी जास्त आणि त्या मानाने कोलेस्टेरॉल कमी असते. मग वजाबाकी गरजेपेक्षा जास्त होते आणि एलडीएल कमी दिसते. ४०० च्या वर हे सूत्र वापरूच नये असा नियम आहे. वडील ३८५ वर होते, म्हणून आपल्या संगणकाने आकडा बिनदिक्कत छापला आणि १०० च्या आत असल्याने हिरव्या रंगात दाखवला. तो हिरवा आकडा पाहून वडील म्हणाले, “आता गोळी बंद करायला हरकत नाही.”

प्रत्यक्ष मोजणीही इतक्या ट्रायग्लिसराइड्समध्ये थोडी चुकू शकते, हे मला मान्य आहे. म्हणूनच नॉन-एचडीएलची ओळ रिपोर्टवर हवी होती. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की झाले : २०८ वजा ३४, म्हणजे १७४. त्यात ट्रायग्लिसराइड्सवरून काही अंदाज बांधावा लागत नाही आणि धमन्यांत साठू शकणारे एलडीएल, व्हीएलडीएल व त्यांचे उरलेले अंश सगळे एकत्र मोजले जातात. त्याची मर्यादा एलडीएलच्या मर्यादेपेक्षा ३० ने जास्त धरतात. डॉक्टरांनी वडिलांसाठी १०० आणि १३० अशा मर्यादा दिल्या आहेत. म्हणजे एलडीएल हिरवे आणि नॉन-एचडीएल ४४ ने वर, एकाच रक्ताच्या नमुन्यात! दोन्ही आकडे आपल्याकडे होते, वजाबाकी मात्र मला वहीत करावी लागली.

माझी मागणी अशी : डायरेक्ट एलडीएलचे पैसे परत करावेत, यंत्रावरची मूळ नोंद दाखवावी आणि दुरुस्त रिपोर्ट द्यावा. त्यात एलडीएल मोजले की काढले हे स्पष्ट लिहावे आणि नॉन-एचडीएल छापावे. वडिलांची डॉक्टरांकडची भेट पुढच्या सोमवारी आहे, तोवर रिपोर्ट मिळावा.

आपली,
एक ग्राहक
(पावती व दोन्ही रिपोर्टच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.)