आमच्या घरखर्चाच्या वाटणीविषयी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तिघींनी मिळून घेतलेल्या घराचा खर्च सरळ तीन भागांत का वाटत नाही, असे बाबांनी मागे विचारले होते. फोनवर आकडे सांगून नीट समजले नसते, म्हणून हे पत्र.

भाड्याचे फारसे सांगण्यासारखे नाही. मोठी खोली जिच्याकडे आहे ती थोडे अधिक भरते, आणि ते किती अधिक हे राहायला येण्यापूर्वीच ठरवून लिहून ठेवले आहे. खरी काळजी किराणा आणि विजेच्या बिलांची घ्यावी लागते.

बिल हाती आले की त्याच दिवशी त्याचा फोटो काढायचा, असा आमचा नियम आहे, कारण दुकानातल्या पातळ कागदावरची छपाई उन्हाने आणि उष्णतेने फिकट होते आणि महिनाअखेरीस त्यावर काहीच वाचता येत नाही. बिल लांब असले तर दोन फोटो काढावे लागतात. जोडणीपाशी एखादी ओळ दोन्ही फोटोंत येऊ द्यावी, म्हणजे मधले काही सुटत नाही. मात्र ती ओळ दोनदा धरली जाण्याचा धोका असतो. म्हणून सगळ्या ओळींची बेरीज करून, सूट वजा केल्यावर ती बिलाच्या एकूण रकमेशी जुळते का, हे वाटणीपूर्वी पाहायचे. जुळली नाही तर प्रत्येक ओळीत नग गुणिले दर करून पाहिले की १ चा ७ किंवा ३ चा ८ कुठे वाचला गेला ते सापडते. बिलाच्या तळाशी कराचा तक्ता असतो, पण पुष्कळदा तो कर वरच्या किमतींत आधीच धरलेला असतो. तो पुन्हा मिळवला तर एकूण रक्कम छापील रकमेच्या पुढे जाते, आणि त्यावरूनच चूक ओळखता येते.

आता एक बिल मांडून दाखवते. वस्तूंची बेरीज १,०००. त्यात सामाईक वस्तू ७००, माझ्या एकटीच्या २०० आणि मोठ्या खोलीतलीच्या १००. संपूर्ण बिलावर १०० सूट मिळाली आणि मी ९०० भरले. भरलेल्या ९०० मधून खासगी ३०० वजा करून उरलेल्या ६०० चे तीन भाग करावेत, असे कोणालाही सहज वाटेल. पण तसे केले तर सगळी सूट सामाईक वस्तूंनाच मिळते आणि आम्ही दोघी आपल्या वस्तूंचे पूर्ण छापील दर भरतो. सूट सगळ्या बिलावर आहे, तर प्रत्येक ओळीला दहावा हिस्सा मिळाला पाहिजे. म्हणजे सामाईक ६३०, प्रत्येकीचे २१०. माझे खासगी १८०, तिचे ९०. माझा वाटा ३९०, तिचा ३०० आणि तिसरीचा २१० होतो. हीच सूट एखाद्या ठरावीक वस्तूवर असती, तर ती वस्तू घेणारीलाच पूर्ण दिली असती.

विजेच्या बिलात स्थिर आकार ३०० आणि वापराचे १,००० होते. स्थिर आकार कोणी घरी असो वा नसो लागतोच, म्हणून तो समान, प्रत्येकी १००. वापराचे पैसे मात्र राहिलेल्या दिवसांवर. तिसरी त्या ३० दिवसांपैकी २० दिवसच घरी होती, म्हणून एकूण ८० दिवस आणि दिवसाला १२.५० पडले. आम्हा दोघींचे ३७५, तिचे २५०. स्थिर आकार धरून आम्ही दोघी ४७५ आणि ती ३५०. यात दिवस मोजायचे ते एका रीडिंगपासून दुसऱ्या रीडिंगपर्यंत, कारण बिलाचा काळ आणि कॅलेंडरचा महिना क्वचितच जुळतात. बिलात मागील थकबाकी दिसली तर ती वेगळी काढावी. ती मागच्या महिन्याच्या दिवसांप्रमाणेच वाटायची असते. घर रिकामे असतानाही फ्रीज चालू असतो, त्यामुळे ही पद्धत काटेकोर नाही हे मला मान्य आहे. पण त्यासाठी वेगळा मीटर बसवण्याइतका तो फरक मोठा नाही, असे आमचे तिघींचे मत पडले.

पैसे मात्र बिलागणिक एकमेकींना देत बसायचे नाहीत. दोन्ही बिले मिळून माझा वाटा ८६५ आणि मी भरले ९००, म्हणजे मला ३५ येणे. तिसरीने विजेचे १,३०० भरले, तिचा वाटा ५६०, म्हणून तिला ७४० येणे. मोठ्या खोलीतलीने काहीच भरले नव्हते आणि तिचा वाटा ७७५ होता. तिने मला ३५ आणि तिसरीला ७४० दिले की हिशेब मिटला. एरवी याच दोन बिलांसाठी चार वेळा पैसे पाठवावे लागले असते. भागाकारात पैसे उरले तर ते बिल भरणारीने सोसायचे, यावर मात्र आमची कधीच चर्चा झाली नाही.

दोन्ही बिलांचे फोटो सोबत पाठवत आहे. बाबांनी बेरजा तपासून पाहाव्यात.

कळावे,
आपली मुलगी