काकूंना लिंकवरून मीटिंगला जोडताना

प्रिय मुकुंद,

परवा फोनवर तू म्हणालास, "रविवारी अकराला आईची मीटिंग आहे, झूमवर. आदल्या रात्री लिंक पाठवतो आणि ऐन वेळी फोन करून एकेक पायरी सांगतो." तेव्हा मी हो हो म्हटलं खरं, पण नंतर चुटपुट लागली. अण्णांच्या वेळी मी हुबेहूब असंच केलं होतं आणि चांगलाच तोंडावर आपटलो होतो. तेव्हा हे जरा सविस्तरच वाच.

अण्णांची डॉक्टरांशी व्हिडिओवर भेट ठरली होती, सकाळी साडेदहाची. सव्वादहाला मी त्यांना साधा फोन लावला, स्पीकरवर टाकायला सांगितलं आणि "आता निळी ओळ दाबा, आता जॉइन दाबा" असं सांगत गेलो. मीही माझ्या लॅपटॉपवरून त्याच मीटिंगमध्ये बसलो होतो. अण्णा आले, दिसले. म्हणजे कपाळ आणि वरचा पंखा दिसला, पण आले. डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?" अण्णांचे ओठ हलताहेत, आवाज नाही. मला मात्र कानाशी धरलेल्या फोनवर खणखणीत ऐकू येतंय, "अरे, बोलतोय की मी केव्हाचा!" सात मिनिटं आम्ही माइकचं बटण शोधण्यात घालवली, आणि दोष होता माझ्याच फोनचा. साधा कॉल चालू असला की फोनचा माइक त्याच्या ताब्यात असतो, व्हिडिओ कॉलला तो मिळत नाही. काही फोनवर तर तेवढा वेळ मोबाइल डेटाही थांबतो. मी फोन ठेवला, अण्णांनी ऑडिओचं बटण पुन्हा दाबलं आणि त्यांचा आवाज आला.

म्हणून काकूंशी बोलायचंच असेल तर दुसऱ्या फोनवर बोल. घरात लँडलाइन असेल, कोणाचा जादा मोबाइल असेल, तो त्यांच्या हातात असू दे. ते जमणार नसेल तर लिंक दाबायच्या आधीच फोन ठेवायचा आणि पुढचं सगळं त्यांना एकटीला करू द्यायचं. एकटीला जमावं, यासाठी आदल्या दिवशी एक रंगीत तालीम घे.

तालीम म्हणजे तू स्वतः झूमवर एक मीटिंग सुरू करायची, तिची लिंक काकूंना पाठवायची, आणि रविवारी जो फोन वापरणार त्याच फोनवरून त्यांना आत यायला लावायचं. तू शेजारी बसलास तर उत्तम, पण फोनला हात लावायचा नाही. तालमीचा खरा फायदा असा, की अवघड प्रश्न पहिल्याच वेळी विचारले जातात. अ‍ॅप आधी टाकून ठेवलेलं असलं तरी पहिल्यांदा मीटिंगमध्ये शिरताना फोन कॅमेऱ्याची परवानगी मागतो, मग माइकची. अँड्रॉइडवर साधारण तीन पर्याय येतात. त्यातला `While using the app` दाबायचा. `Only this time` दाबलं तर चालतं, पण पुढच्या वेळी तोच प्रश्न परत येतो. आणि `Don't allow`? अण्णांनी तेच दाबलं होतं, तेही शांतपणे, दोनदा. मी चिडलो तर म्हणाले, "तूच सांगितलंयस ना, फोनने अनोळखी काही विचारलं तर नाही म्हणायचं." चूक माझीच. दोनदा नकार दिला की नव्या अँड्रॉइडवर फोन पुन्हा विचारतच नाही. मग सेटिंग्जमध्ये जाऊन, अ‍ॅप्समधून झूम शोधून, परवानग्या हाताने चालू कराव्या लागतात. हे रविवारी अकराला पाच कमी असताना करायची वेळ येऊ देऊ नकोस.

लिंकचा निरोप स्वतंत्र पाठव. आयोजकांकडून आलेला मजकूर लांबलचक असतो, त्यात मीटिंगचा आकडा, पासकोड, कधी फोन नंबर, आणि निळं दिसणारं बरंच काही. अण्णांनी एकदा भलतंच दाबलं होतं. मी आता लिंक एकटीच पाठवतो, वेगळ्या निरोपात, आणि ती मीटिंगच्या तासभर आधी, म्हणजे निरोप उघडला की ती तळाशीच असते. लिंक पूर्ण असली की पासकोड बहुधा तिच्यातच असतो, वेगळा टाइप करावा लागत नाही. अर्धवट कॉपी झाली तर मात्र विचारला जातो.

आता एक बारीक गोष्ट. "दाबा" हा शब्द वापरू नकोस. अण्णा खरंच दाबतात, बोट रोवून, दाराची घंटा दाबल्यासारखं. मग लिंक उघडत नाही, तो निरोपच निवडला जातो आणि वर कसली तरी पट्टी येते. त्यांना वाटतं फोन बिघडला. मी म्हणायला लागलो, "टिचकी मारा, एकदाच, आणि बोट उचला." लगेच जमलं. बोट रोवून ठेवलंच गेलं तर मागे जायच्या खुणेवर एकदा टिचकी, की निरोप पूर्ववत.

आत शिरल्यावर आयोजकाने घेईपर्यंत थांबायला सांगणारा पडदा येऊ शकतो. त्याला अण्णा "बाहेरचं बाकडं" म्हणतात. पहिल्या वेळी त्यांना हे माहीत नव्हतं. काही झालं नाही असं समजून ते मागे जायचे, पुन्हा लिंक उघडायचे, आणि बाकड्यावरची जागा दर वेळी स्वतःच सोडायचे. काकूंना आधीच सांग, हा पडदा दिसला म्हणजे काम फत्ते झालंय, आता हात मांडीवर.

शेवटचा अडथळा आवाजाचा. आत गेल्यावर झूम विचारतो, आवाज कशावरून घ्यायचा, तेव्हा `Wifi or Cellular Data` वर टिचकी. हा प्रश्न हुकला तर त्यांना चित्रं दिसतील पण ऐकू काहीच येणार नाही, आणि यांचंही कोणाला जाणार नाही. ओळखायची खूण अशी, की बटणांच्या पट्टीत माइकच्या जागी हेडफोनचं चित्र दिसतं. त्यावर टिचकी मारली की प्रश्न परत येतो. माइकवर लाल रेघ असेल तर भानगड वेगळी. ऐकू येतंय, पण आपला आवाज बंद आहे, म्हणून त्या रेघेवर एकदा टिचकी. आणि पट्टीच दिसत नसेल तर ती लपलेली असते, पडद्याच्या मधोमध हलकं बोट लावलं की वर येते.

तालमीत काकूंना "हे करा, ते करा" न म्हणता "काय लिहिलंय ते वाचून दाखवा" असं विचार. अण्णा "व्हाइल... यूजिंग... दि अ‍ॅप" असं अक्षर अक्षर लावत वाचतात, पण तो शब्द एकदा तोंडी बसला की रविवारी डोळ्यांना आपोआप सापडतो. मध्येच लाइन तुटली तर नवीन काही शोधायचं नाही, त्याच लिंकवर पुन्हा टिचकी, हेही तालमीत एकदा मुद्दाम तोडून दाखव.

शनिवारी संध्याकाळी मी मोकळा आहे. पलीकडे तिसरं माणूस असलं तर काकूंना आवाजाची चाचणी घेता येईल, तेव्हा मलाही लिंक पाठव. फोन मात्र करू नकोस, विशेषतः त्यांच्या फोनवरून.

तुझा,
विनायक